गोफणवाली: गावातल्या एका मुलीचा चेहरा आमच्या गेममध्ये आला तेव्हा

हे प्रकरण माझ्या हातून घडलेलं आहे. मी पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत पात्रांची चित्रं काढते. गाव, स्टुडिओ आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मुलीला इथे मंजी म्हटलंय, ते तिचं नाव नाही. लिहून झाल्यावर हा मजकूर तिला आणि तिच्या आईला फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी बदल सांगितले, ते केले आहेत.

पार्श्वभूमी

पौषात मैत्रिणीच्या माहेरी हुरड्याला गेलो होतो. मंगळवेढ्याच्या बाजूचं गाव, काळी भारी जमीन, नजर पोचेल तिथवर मालदांडी ज्वारी. कणसात दूध भरलं की या पट्ट्यात भोरड्यांचे थवे उतरतात. हजारभर पाखरं एकदम बसली तर कणसं बघता बघता मोकळी होतात, म्हणून दाणा भरल्यापासून काढणीपर्यंत कुणीतरी राखणीला लागतं. शेजारच्या रानात ते काम मंजी करायची. नववीतली, चौदा वर्षांची. सकाळी शाळेच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी दिवसभर ती मचाणावर गोफण घेऊन उभी असायची.

मी तिचे फोटो काढले. फोनवरच, तीसेक असतील. काढण्याआधी "काढू का गं?" असं विचारलं, ती हसली आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचून उभी राहिली. हे हसणं म्हणजे परवानगी, असं मी धरून चालले. तिची आई तेव्हा बांधावर गवत कापत होती, शंभर पावलांवर. तिला विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही.

आमच्या हातात तेव्हा मोबाइलवरचा एक लढाईचा गेम होता. डोंगरी किल्ल्याच्या पहाऱ्यावरची एक योद्धा स्त्री हवी होती आणि दोन महिने ती सापडत नव्हती. जे काढावं ते दुसऱ्या कुठल्यातरी गेममध्ये पाहिल्यासारखं वाटायचं. पुण्याला परतल्यावर एका संध्याकाळी मंजीचे फोटो पडद्यावर उघडले आणि चित्र आपोआप उतरलं. डाव्या भुवईला मधोमध छेद देणारा व्रण, रुंद जबडा, खोल आणि जवळजवळ असलेले डोळे, आणि पाखरांकडे बघताना किंचित वर उचललेली हनुवटी. टीममधले सगळे एकदम म्हणाले, "हीच."

फाइलला नाव पडलं `warrior_f_02`. या क्षणापासून तो चेहरा मंजीचा राहिला नाही, आमच्या कामाचा झाला. आमच्या धंद्यात चूक नेमकी इथे होते. संदर्भाचे फोटो एका फोल्डरमध्ये जातात, पुढच्या माणसाला फक्त चित्र मिळतं. चित्रावरून थ्रीडी मूर्ती घडवणारा वेगळा, तिच्यावर रंग चढवणारा वेगळा, तिला हालचाल देणारा वेगळा. चौथ्या माणसापर्यंत पोचेतो हा चेहरा कुणा जिवंत मुलीचा आहे, हे सांगणारं काहीच उरलेलं नव्हतं.

चेहऱ्याचं काय काय झालं

पुढे जे बिघडलं त्याची बीजं इथे आहेत, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगते.

शरीर आमच्याकडे तयार होतं. आधीच्या एका पात्रासाठी केलेली पंचविशीतली, कसलेली स्त्री. अंगाला घट्ट बसणारं चिलखत, उघडे दंड. वेळ वाचावा म्हणून मंजीचं डोकं त्या धडावर बसवलं. तेव्हा कुणालाच यात खटकलं नाही, मलाही नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे पात्र होतं, नववीतली मुलगी नव्हती.

कपाळावर गोंदण दिलं. ते मंजीचं नव्हतंच. तिच्या आजीच्या कपाळावर हिरवट पडलेले तीन ठिपके आहेत. आजी एका फोटोत मागे बसलेली होती, तिथून ते उचलले.

तिसरी गोष्ट रंग. मंजी काळी आहे, उन्हातली, चकचकीत काळी. पहिल्यांदा तिच्या रंगाचं टेक्स्चर चढवून मूर्ती गेममध्ये ठेवली तेव्हा चेहरा मातीच्या गोळ्यासारखा दिसला. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना. मग रंगकाम करणाऱ्याने त्वचा एक पायरी उजळ केली. जरा बरं दिसलं. मग आणखी एक पायरी. शेवटी टेक्स्चरमध्ये त्वचेचा मुख्य रंग `#B98A66` वर येऊन थांबला. तो गव्हाळ झाला. उजळपणाबरोबर नाकही थोडं सरळ आणि बारीक झालं, ते कुणी केलं हे नंतर शोधूनही सापडलं नाही.

दिवाळीनंतर स्टुडिओच्या पानावर पात्राचं पोस्टर टाकलं. हातात उगारलेली तलवार, मागे धुकं, आणि डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही.

तिने तो चेहरा पाहिला

हा भाग मला मंजीने स्वतः सांगितला, नंतर, ओट्यावर बसून.

सोलापूरला राहणारा तिचा आतेभाऊ गेम खेळतो. त्याने पोस्टर पाहिलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं: ही आपली मंजी की! मंजीने ते भावाच्या फोनवर पाहिलं. फोनची काच एका कोपऱ्यातून तडकलेली होती आणि तडा बरोबर पात्राच्या कपाळावरून जात होता. तिने आधी अंगठ्याने डोळे झाकले आणि खालचं तोंड पाहिलं. मग तोंड झाकून डोळे पाहिले. मग भुवईवर बोट ठेवलं. तो व्रण गोफण शिकताना पडलेला. नवव्या वर्षी, सुटलेल्या दोरीचं टोक उलटं येऊन लागलं होतं. जगात दुसऱ्या कुणाच्या त्याच भुवईला तसाच व्रण असेल, हे तिला पटेना.

"म्हटलं, मीच हाय की ही," ती म्हणाली. "पर मी कवा इतकी गोरी झाले?"

पहिले दोन दिवस ती हवेत होती. मला हे लिहायलाच हवं, कारण नंतरच्या सगळ्या प्रकारात तिचा तो आनंद आम्ही सगळे विसरून चाललो होतो. रात्री सगळे झोपल्यावर ती भावाचा फोन घेऊन पांघरुणात चित्र बघायची. आरशात हनुवटी तशीच उचलून पाहायची. शाळेच्या वाटेवर एक कुत्रं रोज अंगावर यायचं, त्याच्याकडे तिने पहिल्यांदा थांबून सरळ बघितलं. कुत्रं मागे सरलं.

तिसऱ्या दिवशी चित्र शाळेत पोचलं. वरच्या वर्गातली पोरं तिला पात्राच्या नावाने हाका मारू लागली. त्यातल्या दोघांनी चित्र मोठं करून चिलखत घातलेलं अंग एकमेकांना दाखवलं, तिच्यासमोर. ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार नाही म्हणाली. कारण सांगेना. भावाने सांगितलं. संध्याकाळी मैत्रिणीचा मला फोन आला, आणि तिच्या मागून मंजीच्या आईचा आवाज: "त्यांना म्हणावं, पोरीचं तोंड घेतलं, ते अंग कुणाचं लावलं?"

अडचण नेमकी कुठे होती

स्टुडिओत पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. चित्र हुबेहूब नाही, रंग वेगळा, नाक वेगळं, वय वेगळं, मग तक्रार कशाची? मीही अर्धा दिवस हेच बोलत होते. पण आईचा प्रश्न या सगळ्याला पुरून उरत होता. जे जे बदललं होतं त्याने मंजी लपली नव्हती. उलट अपमान त्या बदलांतूनच झाला होता. चेहरा ओळखू येण्याइतका तिचा, आणि बाकी सगळं तिच्यावर लादलेलं.

कायद्याची बाजू वकिलाने थोडक्यात समजावली. भारतीय करार कायदा 1872चा आहे, आणि अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो हे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, 1903मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे मंजीने हसून दिलेली परवानगी सोडाच, तिने कागदावर सही केली असती तरी तिचा उपयोग नव्हता. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या 2023च्या कायद्यातही अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागितली आहे. आमच्याकडे कुणाचीच संमती नव्हती, तोंडीसुद्धा.

समोर असलेले पर्याय

एक गोष्ट मात्र आम्ही पर्याय मोजत बसण्याआधी केली, आणि तेवढं आम्ही बरोबर केलं असं मला वाटतं. त्याच रात्री पोस्टर सगळीकडून काढलं. मार्केटिंग सांभाळणारा म्हणाला, उद्या सकाळी बघू. पण दुसऱ्या दिवशी शाळा होती.

त्यानंतर पहिला विचार आला तो ओळख पुसण्याचा. व्रण काढा, भुवया बदला, काम वाचवा. मी एका रात्रीत तसं चित्र करून मैत्रिणीला पाठवलं. तिने ते काही न सांगता माहेरच्या चौघांना दाखवलं. तिघांनी लगेच मंजीचं नाव घेतलं. चौथी आजी, तिला नीट दिसत नाही. तेव्हा मला माझ्याच कामाबद्दल एक गोष्ट कळली. व्रणासारखी खूण बघणाऱ्याच्या लक्षात राहते, पण चेहरा ओळखला जातो तो अंतरांवरून. डोळ्यांमधली जागा, नाकापासून वरच्या ओठापर्यंतची उंची, जबड्याचा कोन. ती मापं तशीच ठेवून वरून कितीही रंगरंगोटी केली तरी माणूस तोच राहतो. आणि ती मापं बदलली तर ज्या चेहऱ्यासाठी दोन महिने वाट पाहिली तोच उरत नाही.

दुसरा पर्याय चेहरा पूर्ण टाकून नवा करण्याचा. तीन आठवड्यांचं काम पाण्यात जाणार होतं. नऊ माणसांच्या स्टुडिओला ते जड होतं, पण बुडवणारं नव्हतं. आमचा कल इकडेच होता. गुन्हा आपला, भुर्दंड आपण सोसायचा, प्रकरण मिटलं.

मैत्रीण म्हणाली, "काढून टाकणार ते ठीक. पण तिला विचारलंत का?"

आम्ही दुसऱ्यांदा तीच चूक करत होतो. घेताना विचारलं नव्हतं, आता काढतानाही विचारणार नव्हतो. तेव्हा ठरवलं की आधी गावाला जायचं, आणि कोणताही कागद बरोबर न्यायचा नाही. कागद नेला असता तर ती बैठक सही मिळवण्याची झाली असती. आमचे संचालक आणि मी, दोघंच गेलो.

ओट्यावरची बैठक

आई, वडील, आजी, भाऊ, मैत्रीण, आणि दाराच्या चौकटीला टेकून मंजी. मी आधी माफी मागितली आणि काय काय केलं ते सगळं सांगितलं, आजीच्या गोंदणासकट. आजी हसली. म्हणाली, "माझं गोंदण हिच्या कपाळावर व्हय? बरं केलंस. ती काय गोंदून घ्यायला तयार न्हाई."

वडील फार बोलले नाहीत. आईने विचारलं, "आता काय करणार ताई तुमी?" मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही म्हणाल तर चेहरा कायमचा काढतो. आत्ता, इथून फोन करून." संचालकांनी मान हलवली. हे आधीच ठरवून गेलो होतो, म्हणून मला ते ठामपणे म्हणता आलं.

आई म्हणाली, "काढा."

चौकटीतून आवाज आला, "न्हाई."

सगळे वळले. मंजी पुढे आली नाही, तिथूनच बोलली. तिला चेहरा राहायला हवा होता. तिला राग आमच्या चेहरा घेण्याचा नव्हताच. तिला तीन गोष्टींचा राग होता आणि त्या तिने बोटांवर मोजत सांगितल्या. अंग तिचं नाही. रंग तिचा नाही. आणि, "मला तलवार येत न्हाई. गोफण येती. ती का काढली?"

मग थोडं थांबून: "आनि हिला भ्या वाटत न्हाई का?"

मी म्हटलं, "ती योद्धा आहे ना, निडर आहे."

"मला वाटतं की. मचाणावर एकलीला. खाली जवारीत काय सळसळलं तर. मग मी गोफण फिरवती, दगड न घालता. नुसता आवाज काढायला. आवाज झाला की बरं वाटतं."

आई तिच्याकडे बघत राहिली. पाच वर्षं पोरगी राखणीला जात होती आणि हे तिने घरात कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. आईने आठ दिवस मागितले, आम्ही म्हटलं महिना घ्या. अकराव्या दिवशी तिचा फोन आला. पोरीचं म्हणणं राहू द्या, पण अंग झाकलेलं पाहिजे, गावाचं आणि तिचं नाव कुठे यायला नको, आणि उद्या ती नको म्हणाली तर काढायचं. या अटी आईच्या. वकिलाला त्यात भर घालण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

काय केलं

करार मराठीत, दोन पानांचा, आई-वडील दोघांच्या सह्यांचा. मोबदला एकरकमी, मंजीच्या नावाच्या खात्यात. चेहरा फक्त या एका गेममध्ये, टी-शर्ट किंवा खेळण्यांवर नाही. मंजी अठरा वर्षांची झाली की तिला पुन्हा विचारायचं, आणि तेव्हा तिची स्वतःची सही नसेल तर चेहरा जाईल.

"काढायचं" ही अट कागदावर सोपी असते, फाइलमध्ये नसते. पात्राचं डोकं आणि धड एकाच जाळीत विणलेलं असेल तर नंतर चेहरा बदलणं म्हणजे अर्धं पात्र पुन्हा करणं, आणि ते काम कुणी वेळेवर करत नाही. म्हणून डोकं वेगळं ठेवलं. जोड गळ्याभोवती येतो, तो फडक्याने झाकला. उद्या फोन आला तर दुसरं डोकं बसवून दोन दिवसांत नवी आवृत्ती देता येईल. असं एकदा करून पाहिलं, तेव्हाच ती अट आम्ही खऱ्या अर्थाने मान्य केली असं मी समजते.

धड नवं केलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची उंची आणि खांदे, अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, वर घोंगडी तिरकी बांधलेली. चिलखत गेलं.

रंगाचं काम सगळ्यात शिकवणारं होतं. मी पुन्हा गेले तेव्हा ग्रे कार्ड घेऊन गेले, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा. सकाळी कडुनिंबाच्या सावलीत, थेट ऊन नसताना, तो पुठ्ठा तिच्या गालाशेजारी धरून फोटो काढले. पुठ्ठ्याचा राखाडी फोटोत खरा राखाडी दिसेल असं नीट केलं की त्वचेचाही खरा रंग हाती लागतो. आई या वेळी शेजारी उभी होती आणि पुठ्ठा तिनेच धरला होता. टेक्स्चरमधला रंग आता `#6B4430` झाला. गेममध्ये ठेवला आणि पुन्हा तोच मातीचा गोळा.

म्हणजे दोष रंगाचा नव्हता, उजेडाचा होता. त्वचेवर पडलेला उजेड दोन वाटांनी परत येतो. काही आत शिरून, रंग घेऊन बाहेर पडतो, काही वरच्यावर चमकून निघून जातो. काळ्या त्वचेत आत शिरलेला बराचसा उजेड शोषला जातो, पण वरची चमक गोऱ्या त्वचेइतकीच असते. त्यामुळे गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावल्यांवरून कळतो, काळ्या चेहऱ्याचा चमकेवरून. आम्ही मोबाइलवर भार नको म्हणून आजूबाजूच्या उजेडाचं प्रतिबिंब सगळ्याच पात्रांवर बंद ठेवलं होतं. गोऱ्या पात्रांना त्याने फरक पडला नव्हता, म्हणून कधी लक्षात आलं नाही. मंजीच्या चेहऱ्याचा मात्र आकार सांगणारी एकमेव गोष्टच आम्ही विझवून ठेवली होती. चेहऱ्यापुरतं छोटं प्रतिबिंब चालू केलं, कपाळ आणि गालाच्या हाडांवर गुळगुळीतपणा वाढवला, मागून एक थंड उजेड दिला. नाक, ओठ, व्रण, सगळं उठून आलं. रंगाच्या एकाही आकड्याला हात लावला नाही. रंगकाम करणारा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आपण आजवर किती पात्रं उगाच गोरी केली असतील."

राहिली गोफण. आमच्या ॲनिमेटरने आधी तलवारीचाच वार थोडा बदलून दोरीला लावला होता. मंजीने तो पाहून मान हलवली, "असा दगड मागं जाईल." मग रानात तिची गोफण फोनच्या स्लो मोशनमध्ये टिपली. एका दोरीच्या टोकाचा फासा मधल्या बोटात घट्ट, दुसरी दोरी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत. मध्ये विणलेल्या पट्टीत दगड. डोक्यावर दीड-दोन फेरे, एक फेरा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, आणि चिमटी सुटते. दगड दोरीच्या दिशेने सरळ बाहेर जात नाही, दोरीला काटकोनात निसटतो. त्यामुळे नेम पुढे धरायचा असेल तर दगड बाजूला असतानाच चिमटी सोडावी लागते, समोर आल्यावर सोडली तर तो आडवा जातो. सुटलेल्या दोरीचं टोक मागाहून चाबकासारखं फाटकन वाजतं. निम्मी पाखरं त्या आवाजानेच उडतात.

गेममध्ये आता बटण दाबून धरलं की गोफण फिरते आणि सोडलं की दगड जातो. वेळ चुकली तर तो खरोखर आडवा जातो.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती. खेळणारा काही करत नसला की पात्र उभ्या उभ्या छोट्या हालचाली करतं, श्वास, मान वळवणं वगैरे. आमची योद्धा आता बुरुजावर एकटी असली की हलकेच मागे वळून बघते, आणि मग रिकामी गोफण एकदा फिरवून आवाज काढते.

काय झालं

सगळं सुरळीत झालं नाही. शाळेतला त्रास पोस्टर काढल्याने लगेच थांबला नव्हता, चित्र पोरांच्या फोनमध्ये राहिलंच होतं. आई स्वतः शाळेत गेली, त्या दोन मुलांच्या घरीही गेली. मंजीचे नऊ दिवस बुडाले. ते आम्ही भरून देऊ शकत नाही. जुनं चित्र आजही कुणाकडे असेल, आणि करारातलं कुठलंही कलम त्याच्यापर्यंत पोचत नाही.

गेम तीन महिने उशिरा आला. त्याची कमाई बेताची आहे.

आज करायचं तर

मी आता फोटो काढण्याआधी बांधावर जाईन. शंभर पावलं. मुलगी कितीही हसली तरी आधी तिच्या घरच्या मोठ्या माणसाशी बोलायचं, आणि "फोटो काढू का" एवढं न विचारता "या फोटोवरून गेममधलं पात्र करीन, ते लाखो लोक बघतील, चालेल का" असं विचारायचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी पहिला विचारून दुसऱ्याचं उत्तर घेतलं होतं.

आमच्याकडे आता चित्राच्या फाइलमध्येच एका कोपऱ्यात चौकट असते: चेहरा कुणाचा, वय काय, कुणी संमती दिली, कशासाठी. ती रिकामी असेल तर थ्रीडीवाला काम सुरू करत नाही. चौकट चित्रातच असल्यामुळे ती पुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येते. वेगळी यादी ठेवून पाहिली होती, ती कुणी उघडत नसे. अठराखालच्या मुलांचा चेहरा मोठ्या माणसाच्या शरीरावर चढवायचा नाही, हे आता लिहून ठेवलेलं आहे. ते लिहावं लागलं याची मला लाज वाटते.

एका निर्णयाबद्दल मी अजून साशंक आहे. आई "काढा" म्हणाली होती, आणि आम्ही थांबलो ते मुलीच्या "न्हाई" वर. आमच्या फायद्याचं उत्तर होतं म्हणून तर ते आम्हाला इतकं स्पष्ट ऐकू आलं नाही ना? आठवड्याऐवजी महिना दिला तो यासाठीच. तरी आज वाटतं, मधल्या काळात मैत्रिणीने नाही तर आमच्याशी काही संबंध नसलेल्या कुणीतरी, शाळेतल्या एखाद्या बाईंनी, मायलेकींशी बोलायला हवं होतं.

काम पूर्ण झाल्यावर मी गेम फोनवर घेऊन गेले. मंजी मचाणावर होती, मी खाली. तिने वाकून फोन घेतला. बुरुजावरची ती काळी मुलगी मागे वळून बघत होती. मंजीने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, हनुवटी जराशी उचलून. मग फोन माझ्याकडे देत म्हणाली,

"ताई, पट्टी उलटी धरलीया तिनं. गाठीची बाजू खाली पाहिजे."

पुढच्या आवृत्तीत ती बदलली आहे.